परवडणारं आणि किफायतशीर: प्रॉडक्टच्या वर्णनात कुठला शब्द कधी लिहायचा

ऑनलाइन काही विकायला काढलं की वर्णनात 'स्वस्त' लिहायला हात धजत नाही, कारण स्वस्त म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात लगेच 'टिकेल का?' असं येतं. मग लोक काय करतात, तर परवडणारं, किफायतशीर, बजेट-फ्रेंडली, माफक दरात, वाजवी किंमत हे सगळे शब्द एकाच पोत्यातले समजून सुचेल तो टाकतात. पण यातले पहिले दोन जे आहेत ना, परवडणारं आणि किफायतशीर, त्यांची गल्लत सगळ्यात जास्त होते आणि तीच सगळ्यात महागात पडते, कारण दोघं अगदी वेगळी गोष्ट सांगतात.

परवडणारं म्हणजे आज खिशातून जे पैसे जाणार ते माझ्या आवाक्यात आहेत, एवढंच. किफायतशीर म्हणजे दिलेल्या पैशातून शेवटी जास्त मिळतं किंवा पुढचा खर्च वाचतो. एक शब्द घेणाऱ्याच्या ऐपतीबद्दल बोलतो, दुसरा वस्तूच्या हिशोबाबद्दल. त्यामुळे महाग वस्तू किफायतशीर असू शकते, आणि अगदी परवडणारी वस्तू वर्षभरात खिसा रिकामा करू शकते.

ऊस लावणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ज्याला आपण एफआरपी म्हणतो तो 'रास्त आणि किफायतशीर दर', म्हणजे कारखान्याने उसाला किमान एवढा भाव दिलाच पाहिजे असा सरकारने ठरवलेला दर, २००९ पासून हेच नाव चालू आहे. इथे किफायतशीर म्हणजे कमी दर नाहीच, उलट खर्च निघून वर काहीतरी उरेल असा दर. म्हणजे या शब्दात मुळात स्वस्तपणा नाहीये, फायदा आहे.

आता परवडणारं घ्या. घरांच्या बाबतीत तर या शब्दाला सरकारी मोजमापच आहे. १ एप्रिल २०१९ पासून जीएसटीच्या नियमात परवडणारं घर म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट एरिया मुंबई महानगर प्रदेशासारख्या ठरावीक महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत, बाकी ठिकाणी ९० पर्यंत, आणि बांधकाम चालू असलेल्या अशा घराला ५ ऐवजी १ टक्का जीएसटी. पंचेचाळीस लाखांना कोणी स्वस्त म्हणेल का, पण परवडणारं म्हणतात, कारण ते कोणाला परवडेल हे गृहीत धरून ती रेषा आखलीय. म्हणूनच वर्णनात नुसतं 'परवडणारं' लिहून सोडलं तर ते हवेत राहतं. 'हॉस्टेलवर राहणाऱ्यांना परवडणारी इंडक्शन शेगडी' लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की हे माझ्यासाठी आहे की नाही.

फरक नीट बघायचा तर पंख्यांचं उदाहरण घेऊ. साधा छताचा पंखा धरा १,५०० रुपयांचा, फुल स्पीडला साधारण ७५ वॅट खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा धरा २,९०० चा, तो तेवढ्याच स्पीडला ३० वॅटच्या आसपास. फरक ४५ वॅटचा. बेडरूममध्ये रोज १२ तास पंखा चालतो असं धरलं तर दिवसाला ५४० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त वाचतं, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६२ युनिट, आणि युनिटला ८ रुपये पडत असतील तर १,२९६ रुपये. जादा मोजलेले १,४०० रुपये साधारण तेरा महिन्यांत वसूल, त्यानंतर सगळी बचतच. तर साधा पंखा परवडणारा आणि बीएलडीसी किफायतशीर, जवळपास दुप्पट किमतीचा असूनही.

पण हाच बीएलडीसी पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावला, जिथे सरासरी रोज एखादा तास चालतो, तर वर्षाला साडेतेरा युनिट, १०८ रुपये, म्हणजे किमतीतला फरक भरून निघायला तेरा वर्षं! तिथे किफायतशीर म्हणणं सरळ खोटं ठरेल. म्हणून मी म्हणते की हा शब्द एकटा लिहूच नका, सोबत अट लिहा: 'रोज १०-१२ तास पंखा लागत असेल तर किफायतशीर'. वाचणारा स्वतःचा हिशोब करतो आणि नंतर तक्रार घेऊन येत नाही. छताच्या पंख्यांना २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा दावा करायच्या आधी आपल्या मॉडेलवरचं लेबल बघून घ्या.

आणि हे नुसतं भाषेचं प्रकरण नाही. परवडणारं हे मत झालं, कोणी त्यावर वाद घालत बसत नाही, पण किफायतशीर हा तपासता येईल असा दावा आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांनुसार असा दावा करणाऱ्याकडे त्याचा आधार असायला हवा. 'फॅमिली पॅक, जास्त किफायतशीर' असं लिहिताना मोठ्या आणि छोट्या पाकिटाची किंमत ग्रॅमने किंवा मिलीने भागून बघितलीच पाहिजे, कारण शाम्पूसारख्या मालात कित्येकदा छोटी पुडीच मिलीमागे कमी पडते आणि मोठी बाटली महाग. बऱ्याच पाकिटांवर आता एमआरपीच्या जवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, गिऱ्हाईक तो दुकानात उभ्या उभ्या बघू शकतं.

बरं मग स्वस्त लिहूच नये का? कोथिंबिरीची जुडी, वह्या, रद्दीतली पुस्तकं, तिथे बिनधास्त लिहा, 'स्वस्तात मस्त' तर लोकांना आवडतंच. अडचण येते जिथे वस्तू चारचौघांना दिसते तिथे. टाटांच्या नॅनोचं तेच झालं. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती 'लाखाची गाडी' म्हणून समोर आली, हेतू होता स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाला परवडेल अशी सुरक्षित गाडी द्यायचा, पण नाव पडलं सगळ्यात स्वस्त गाडी. पुढे रतन टाटांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की स्वस्त म्हणून तिचं मार्केटिंग झालं हे दुर्दैवी होतं. एकमेव कारण ते नव्हतं, पण दारात उभी राहणारी गाडी लोकांना 'सगळ्यात स्वस्त' म्हणून नको असते, हे त्यातून कळलंच.

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात. बजेट-फ्रेंडली हा परवडणाऱ्याचाच भाऊ, मराठीत 'खिशाला परवडणारा' जास्त गोड वाटतं, पण मोबाइल आणि ट्रिपच्या वर्णनात बजेट हाच शब्द रुळलाय तर तिथे तोच ठेवा आणि आकडा सांगा, '१०,००० च्या आत' वगैरे. माफक हा सेवेच्या फीला शोभतो, क्लास, दवाखाना, डबा, 'माफक दरात घरगुती डबा' छान वाटतं पण 'माफक मिक्सर' कोणी म्हणत नाही. वाजवी म्हणजे कमी नव्हेच, जितकी हवी तितकीच किंमत, त्यामुळे हाताने विणलेल्या साडीला वाजवी म्हणा, परवडणारी म्हणू नका, नाहीतर विणकराची मेहनत कमी करून सांगितल्यासारखं होतं आणि घेणाऱ्याला ती पॉवरलूमची असल्याची शंका येते.