रिपोर्ट केला, पण तक्रार केली का?

कुणी मॉर्फ केलेला फोटो फिरवायला लागलं की पहिला निरोप ग्रुपवर जातो: "सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारा." मैत्रिणी, भाऊ, भावाचे मित्र सगळे तीन टिंबं दाबून रिपोर्ट करतात आणि वाट बघत बसतात. सगळ्यात मोलाचे तास या वाट बघण्यातच जातात. आपण तक्रार केली आहे असं सगळ्यांना वाटत असतं, पण भारतातले आयटी नियम ज्याला तक्रार म्हणतात ती कुणीच केलेली नसते.

पोस्टवरचं रिपोर्टचं बटण ही कंपनीची स्वतःची सोय आहे. ते कुणीही दाबू शकतं, फोटोतली व्यक्ती कोण हे सांगावं लागत नाही. आलेला रिपोर्ट कंपनी आपल्या 'कम्युनिटी गाइडलाइन्स'च्या फूटपट्टीने मोजते. तिथे प्रश्न एवढाच असतो की ही पोस्ट आमच्या नियमांत बसते का. त्यामुळे तुमच्या चेहऱ्याखाली भलतंच शरीर चिकटवलेलं असलं, पण अंगावर कपडे दिसत असले, तर "ही पोस्ट आमच्या नियमांविरुद्ध नाही" असं उत्तर येऊ शकतं. बघणाऱ्याला फोटो खोटा आहे हे कळायला काही साधनच नसतं. चाळीस जणांनी 'स्पॅम' म्हणून रिपोर्ट केला तरी त्यातून तो फोटो मॉर्फ केलेला आहे ही गोष्ट एकदाही सांगितली जात नाही.

तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रीव्हन्स ऑफिसरकडे केलेली तक्रार वेगळी असते. 2021 च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मने या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर किंवा अॅपवर ठळकपणे द्यायलाच हवा. तक्रार पोहोचल्याची पोच 24 तासांत मिळायला हवी. आणि याच नियमांतलं 3(2)(b) हे कलम आपल्या कामाचं आहे. स्वतः त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणी तक्रार केली, आणि मजकूर प्रथमदर्शनी नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल, किंवा तोतयेगिरीचा असेल, तर तो काढण्यासाठी शक्य ते सगळे उपाय ठरलेल्या वेळेत करावे लागतात. तोतयेगिरीत कृत्रिमरीत्या मॉर्फ केलेल्या प्रतिमा येतात, असं नियमात शब्दांत लिहिलेलं आहे. ही मुदत आधी 24 तासांची होती, फेब्रुवारी 2026 मधल्या दुरुस्तीने ती 2 तासांवर आली. लोकांनी टाकलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी प्लॅटफॉर्मवर येऊ नये म्हणून आयटी कायद्याचं कलम 79 त्याला संरक्षण देतं. नियम न पाळणाऱ्या प्लॅटफॉर्मचं हे संरक्षण धोक्यात येतं, म्हणून या तक्रारीला वजन आहे.

म्हणजे फोटो नग्न असायलाच हवा असं नाही. हा गैरसमज मला फार खटकतो, कारण त्यापायी कितीतरी जणी "एवढं काही नाही त्यात" म्हणून गप्प बसतात. मात्र राजकीय व्यंगचित्र किंवा उघडउघड मीम असेल तर ती तोतयेगिरी आहे का यावर प्लॅटफॉर्म वाद घालू शकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकमधल्या एका कॉलेजच्या मुलीचा गॅदरिंगमधला चेहरा कापून दुसऱ्याच शरीरावर लावला आणि तिच्याच नावाच्या इन्स्टाग्राम अकाउंटवर तीन पोस्ट टाकल्या. शुक्रवारी रात्री तिला कळलं. सगळ्यात आधी पुरावा गोळा करायचा, कारण पोस्ट उडाली की तो हाताला लागत नाही. प्रत्येक पोस्टचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात युजरनेम आणि वेळ दिसली पाहिजे. मग तीन टिंबांतून प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करायची आणि अकाउंटची लिंक वेगळी ठेवायची. नुसता स्क्रीनशॉट जोडून "हे काढा" म्हणणं ही नेहमीची चूक आहे. नेमकी कोणती पोस्ट काढायची हे प्लॅटफॉर्मला लिंकवरूनच कळतं. तीन पोस्ट असतील तर तीन लिंका द्यायच्या, नाहीतर एकच उडते आणि दोन राहतात.

रिपोर्टचं बटणही दाबून ठेवावं, त्यात तोटा नाही. पण कारण निवडताना 'स्पॅम' टाळायचं. दुसरी व्यक्ती असल्याचा बनाव किंवा नग्नता, जे लागू असेल ते निवडायचं. मग हेल्प सेंटरमध्ये `Grievance Officer India` शोधून तिथल्या फॉर्मवर किंवा ईमेलवर साधारण असं लिहायचं:

"या लिंकांवरच्या प्रतिमा माझ्या चेहऱ्याचा वापर करून कृत्रिमरीत्या मॉर्फ केलेल्या आहेत. मी यांना संमती दिलेली नाही. हे अकाउंट माझ्या नावाने दुसऱ्या कुणी चालवत आहे. आयटी नियम 2021, नियम 3(2)(b) नुसार या प्रतिमा तातडीने काढाव्यात. माझा मूळ फोटो सोबत जोडला आहे."

प्रत्यक्षात हे इंग्रजीत पाठवलेलं बरं. मूळ फोटो असला तर फार उपयोग होतो, कारण चेहरा कुठून उचलला हे त्यात दिसतं. ओळखपत्र मागितलं तर आधारचा क्रमांक झाकून पाठवावं. मुलीची मनःस्थिती नसेल तर तिच्या वतीने भाऊ किंवा आई लिहू शकते, पण "तिच्या वतीने" हे शब्द त्यात हवेत.

आपण कोणत्या वाटेवर आहोत हे उत्तरावरून ओळखता येतं. अॅपमधल्या सपोर्टच्या पानावर फक्त 'रिव्ह्यू केलं' असं दिसत असेल, तर तो रिपोर्ट आहे. ईमेलवर तक्रारीचा क्रमांक आला, तर ती तक्रार आहे. तो ईमेल जपून ठेवायचा, मुदत मोजायची ती तक्रार पोहोचली तिथपासून. उत्तर नकारार्थी आलं तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत gac.gov.in वर केंद्र सरकारने नेमलेल्या ग्रीव्हन्स अपेलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं. केवळ बटण दाबलेल्या माणसाकडे अपिलात दाखवायला अधिकाऱ्याचं उत्तरच नसतं.

दोन्ही वाटांची एक मर्यादा सारखीच आहे. काढली जाते ती त्या लिंकवरची प्रत. तोच फोटो दुसऱ्या अकाउंटवर आला की नव्या लिंकसह पुन्हा लिहावं लागतं. फोटो नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल आणि वय 18 किंवा जास्त असेल, तर stopncii.org वापरावं. तिथे तुमच्याच फोनवर फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्याच्याशी जुळणारे फोटो त्या शोधून काढू शकतात. फोटोत बराच फेरफार केलेला असेल तर हा ठसा जुळत नाही. व्हॉट्सअॅपवर लोकांच्या फोनमध्ये गेलेल्या प्रती मात्र कुठल्याच तक्रारीने परत येत नाहीत.

राहिला करणारा माणूस. त्याला शोधायचं काम पोलिसांचं, त्यासाठी cybercrime.gov.in किंवा जवळचं पोलीस ठाणं. पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं हे बघता येत नाही, म्हणून नाव देऊन केलेली बरी. "फोटो आधी उडवला तर पुरावा जाईल" या भीतीने काढून घेणं थांबवू नका. काढलेला मजकूर आणि त्याच्याशी संबंधित नोंदी प्लॅटफॉर्मला तपासासाठी 180 दिवस जपाव्या लागतात. पोलिसांनी त्या मुदतीत त्या मागवायला हव्यात, म्हणून अर्ज देताना काढल्याची तारीख आणि तक्रारीचा क्रमांक त्यात लिहून द्या.