तारेतला डेसिबल हवेत आला तेव्हा

डेसिबलचा जन्म टेलिफोनच्या तारेत झाला. आवाज मोजायचे काम त्याच्याकडे नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवला की आज विद्यार्थ्यांना हमखास अडवणाऱ्या दोन गोष्टी सुटतात: अंतर दुप्पट झाल्यावर नेमके ६ डेसिबलच का कमी होतात, आणि ८० डेसिबलची दोन यंत्रे मिळून ८३ कशी होतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीचे अभियंते तारेतली घट ‘प्रमाणित केबलच्या मैलांत’ मोजत. एखाद्या उपकरणामुळे बोलणे जेवढे क्षीण होई, तेवढेच क्षीण करायला ठरावीक जाडीची केबल किती मैल लागेल, असा तो हिशेब होता. अडचण अशी की केबल उंच स्वर जास्त गिळते आणि खर्जाचे कमी. त्यामुळे हा ‘मैल’ प्रत्येक वारंवारतेला वेगळा निघे. म्हणून १९२४ च्या सुमारास केबल बाजूला ठेवून शुद्ध गणिती एकक घेतले गेले: दोन शक्तींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, गुणिले १०. या दहापटीमुळे नवे एकक जुन्या मैलाच्या जवळपास आले आणि अभियंत्यांचा अंदाजाचा सराव वाया गेला नाही. सुरुवातीला त्याचे नाव ‘ट्रान्समिशन युनिट’ होते. १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ ते डेसिबल झाले, म्हणजे एका बेलचा दहावा भाग.

लॉगरिदम घेण्यामागे तारेचा स्वभाव होता. केबलचा प्रत्येक मैल आत आलेल्या शक्तीचा ठरावीक हिस्सा खातो. एक डेसिबल घट म्हणजे सुमारे ७९ टक्के शक्ती पुढे जाते. दुसऱ्या तुकड्यात त्या ७९ टक्क्यांचे पुन्हा ७९ टक्के. असे गुणाकार करत बसण्याऐवजी लॉगरिदम घेतले की नुसती बेरीज-वजाबाकी उरते. केबलमध्ये १२ गेले, मधल्या अॅम्प्लिफायरने २० दिले, पुढच्या केबलमध्ये १५ गेले, तर शेवटी ७ ची घट. एकामागून एक जोडलेल्या गोष्टींसाठी याहून सोयीचे माप सापडणे कठीण.

तारेत डेसिबल फक्त तुलना सांगत असे: आत किती गेले, बाहेर किती आले. हवेतल्या आवाजाला ‘किती’ म्हणायचे तर तुलनेसाठी एक पायरी ठरवावी लागली. दर चौरस मीटरमधून वॅटचा एक लक्ष कोटीवा भाग एवढी ध्वनिशक्ती जात असेल, तर ती तीव्रता शून्य डेसिबल धरतात. एक हजार हर्ट्झच्या स्वरासाठी निरोगी तरुण कानाची ऐकण्याची सीमा साधारण तिथेच आहे. म्हणून शून्य डेसिबल म्हणजे पूर्ण शांतता नव्हे, आणि उणे पातळीही असू शकते. १९२९ मध्ये न्यूयॉर्क शहराने गोंगाटाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मोजणीची उपकरणे लादलेला ट्रक रस्त्यारस्त्यांतून फिरला, आणि टेलिफोनवाल्यांचे हे एकक शहराच्या गोंगाटाला लावले गेले.

इथेच तारेवर घडलेली अंतराची सवय दगा देते. केबलमध्ये दर मैलाला तेवढेच डेसिबल जातात. मोकळ्या हवेत आवाज गोलाच्या पृष्ठभागासारखा पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच शक्ती चौपट क्षेत्रफळावर वाटली जाते, तीव्रता एक चतुर्थांश होते, आणि चारच्या लॉगरिदमची दहापट म्हणजे ६.०२. यंत्रापासून २ मीटरवरून ४ वर गेलात तरी ६ डेसिबल कमी, आणि १०० वरून २०० वर गेलात तरी तेवढेच. जवळ असताना दोन पावलांनी मोठा फरक पडतो. लांबून तोच फरक मिळवायला शंभर मीटर चालावे लागते. माझ्या मते या विषयातली मनात सर्वांत खोल रुजायला हवी अशी गोष्ट हीच आहे.

हवा स्वतः जे शोषते ते मात्र केबलसारखेच, दर मीटरला ठरावीक डेसिबल असते. शेकडो मीटरनंतर, विशेषतः उंच स्वरांत, ते वेगळे वजा करावे लागते. वाहनांच्या सलग रांगेचा आवाज गोलाऐवजी नळकांड्यासारखा पसरतो, म्हणून तिथे दुप्पट अंतराला ३ डेसिबलच मिळतात. आणि बंद खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज एका टप्प्यानंतर पातळी खाली जाऊच देत नाही. मागे सरकूनही मीटर हलत नसेल, तर तुम्ही त्या परतलेल्या आवाजात उभे आहात असे समजावे.

आता अनेक उगम. केबलचे तुकडे एकामागून एक असतात, आवाजाचे उगम मात्र एकाच वेळी कानावर येतात. इथे बेरीज तीव्रतांची होते, आणि तीव्रतांची बेरीज लॉगरिदमच्या मापात थेट करता येत नाही. पट्टी ज्यासाठी घडली होती त्याच्या नेमके उलटे काम आपण तिच्याकडून मागतो. म्हणून आधी लॉगरिदम उलगडायचे, बेरीज करायची, मग पुन्हा घ्यायचे:

```
L = 10 log10(10^(L1/10) + 10^(L2/10) + ...)
```

एक उदाहरण पुरे. मोकळ्या जागी तीन यंत्रे चालू आहेत. पहिल्याची पातळी २ मीटरवर ८८ डेसिबल, आणि ते तुमच्यापासून १६ मीटरवर आहे. २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६, अशा तीन दुपटी झाल्या. १८ वजा केले की ७० उरतात. दुसऱ्याची २ मीटरवर ८२, अंतर ८ मीटर. दोन दुपटी, म्हणजे पुन्हा ७०. तिसऱ्याची तुमच्यापाशी ६३. पातळी ७० असताना तीव्रता शून्य पायरीच्या १ कोटी पट असते, ६३ असताना सुमारे २० लाख पट. एकूण २ कोटी २० लाख पट, म्हणजे ७३.४ डेसिबल.

आता एकच यंत्र बंद करता येणार असेल तर? तिसरे बंद केले तर ७३ उरतात, ०.४ चा तो फरक कानाला कळणारही नाही. पहिले बंद केले तर १ कोटी २० लाख पट उरतात, म्हणजे ७०.८. सगळ्यांत मोठा उगम हाताळल्याशिवाय लहानांवर केलेली मेहनत फुकट जाते, हे आकडे उलगडल्यावरच दिसते.

हाच हिशेब उलटाही चालतो. यंत्र चालू असताना ७३ आणि बंद असताना परिसराचा आवाज ७० भरला, तर यंत्राचे स्वतःचे ७०. पण दोन वाचनांत ३ डेसिबलहून कमी फरक असेल तर वजाबाकीवर भिस्त ठेवू नये. मीटरची अर्ध्या डेसिबलची चूकही तिथे उत्तर कितीतरी सरकवते.

तीव्रतांची बेरीज चालते ती उगम एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. दोन ध्वनिक्षेपकांना एकच शुद्ध स्वर दिला तर त्यांच्या लहरींचे दाब जुळतात किंवा एकमेकांना खातात. एका जागी ३ ऐवजी ६ डेसिबल वाढतात, हातभर अंतरावर स्वर जवळजवळ नाहीसा होतो. डोके थोडे हलवले आणि पातळी अशी वरखाली झाली, तर वरचे सूत्र तिथे लागू पडत नाही.