दोनशे ग्रॅमच्या वजनाने मोजलेला व्हॉइस कॉइलचा जोर

गणपती तोंडावर आले की मालवणातल्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मंडळांचे आणि दशावतारी कंपन्यांचे फाटलेले कोन तिथे रांगेत पडलेले असतात. यंदा तिथे बसलो असताना दुकानातले भाऊ एक स्पीकर हातात तोलत म्हणाले, "मॅग्नेट इतको जड आसा, मगे जोर जास्त असतलोच." हा समज सगळीकडे आहे. पण जोर मॅग्नेटच्या वजनात नसतो. तो असतो लोखंडी पोल आणि पट्टी यांच्यामधल्या दीड-दोन मिलिमीटरच्या फटीत, जिथे कोनला चिकटलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, वरखाली हलते.

शाळेतलं सूत्र आठवा: F = B × L × I. चुंबकीय क्षेत्र, क्षेत्रात असलेल्या तारेची लांबी आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे बल. यातले पहिले दोन आकडे स्पीकर बनतानाच ठरतात. त्यांचा गुणाकार म्हणजे बल स्थिरांक, एका अँपिअरला किती न्यूटन जोर मिळतो तो आकडा. ३८ मिलिमीटर व्यासाच्या कॉइलचे साठेक वेढे फटीत असले तर तार सात मीटर होते. क्षेत्र १ टेस्ला असेल, तर स्थिरांक ७ न्यूटन प्रति अँपिअर. फटीबाहेर मात्र हे क्षेत्र झपाट्याने विरतं.

हा आकडा आम्ही दुकानातच मोजला. आठ इंची स्पीकर आडवा, तोंड वर करून ठेवला. कोनच्या कडेला टेकेल अशी एक सुई स्टँडला बांधून जागेची खूण केली. मग मधोमध २०० ग्रॅमचं वजन ठेवलं, तसा कोन मिलिमीटरभर खाली बसला. डीसी सप्लायमधून प्रवाह हळूहळू वाढवत कोन पुन्हा सुईला लावला, तेव्हा मीटरवर ०.२८ अँपिअर होते. कोन मूळ जागी परतला, म्हणजे त्याला स्प्रिंगसारखं जागेवर धरणाऱ्या मागच्या जाळीचा ताण शून्य. वजन पूर्णपणे कॉइलनेच पेललं आहे. २०० ग्रॅमचं वजन १.९६ न्यूटन. त्याला ०.२८ ने भागलं की ७.

आता खरी गंमत. वजन काढून आम्ही कोन प्रवाहाने ५ मिलिमीटर वर उचलून धरला, सुई तिथे सरकवली, आणि मग तेच वजन ठेवलं. कोन पुन्हा सुईला लावायला आधीच्या प्रवाहापेक्षा ०.३६ अँपिअर जास्त लागले. म्हणजे स्थिरांक ५.४ वर आला. कॉइलचे काही वेढे फटीतून बाहेर निघाले, म्हणून जोर घटला. इतका प्रवाह फार वेळ ठेवू नये, कॉइल तापते.

हेच यंत्र कोनऐवजी सरकत्या पट्टीवर बसवलं की व्हॉइस कॉइल अ‍ॅक्च्युएटर होतो, काही मिलिमीटरच्या आत वस्तू नेमकी हलवणारा. हार्ड डिस्कमधला वाचक हातही याच तत्त्वावर फिरतो. समजा १०० ग्रॅमची पट्टी २० मिलिसेकंदांत ५ मिलिमीटर न्यायची आहे. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा आणि उरलेल्या वाटेत तितक्याच जोराने रोखायचं. त्यासाठी ५ न्यूटन लागतात, म्हणजे ७ च्या हिशेबाने ०.७१ अँपिअर. पण रोखायचं असतं शेवटच्या अडीच मिलिमीटरमध्ये, आणि तिथेच स्थिरांक घसरतो. तिथली सरासरी ६ धरली तर ब्रेक ४.३ न्यूटनचाच मिळतो, आणि अर्ध्या वाटेवर वेग ठरल्याइतका झाला असेल तर पट्टी जवळजवळ ०.४ मिलिमीटर पुढे जाऊन थांबते. प्रवाह बरोबर, गणित बरोबर, तरी जागा चुकलेली!

जागा मोजणारा सेन्सर चूक पकडतो, पण जोर कमी पडतो तिथे त्याची दुरुस्तीही मंदावते. म्हणून चांगला कंट्रोलर जागेनुसार स्थिरांकाचा तक्ता जवळ ठेवतो आणि टोकाला प्रवाह आधीच वाढवतो. दुसरा उपाय म्हणजे कॉइल फटीपेक्षा बरीच लांब करणं. एका टोकाचे वेढे बाहेर गेले तरी दुसऱ्या टोकाचे आत येतात आणि आकडा सपाट राहतो. मात्र बाहेरचे वेढे जोर न देता नुसते तापतात.

आपल्याकडे किनाऱ्यावर यात आणखी एक घोळ होतो. खाऱ्या हवेने फटीतल्या लोखंडाला गंज फुगतो आणि कॉइल घासू लागते. हा दोष स्थिरांकाचा नव्हे, घर्षणाचा. तो ओळखायला आम्ही वजन ठेवूनच सुईपाशी एकदा खालून आणि एकदा वरून आलो. जाळीच्या आळसामुळे थोडा फरक पडतोच, पण निरोगी स्पीकरमध्ये दोन्ही वेळचे प्रवाह जवळपास सारखे येतात. गंजलेल्यात खालून येताना ०.३३ आणि वरून येताना ०.२३ आले. सरासरी तीच, ०.२८. म्हणजे चुंबक ठणठणीत होता. भाऊंनी कोन सोडवून फट घासून पुसली, नवी कॉइल चिकटवली, आणि स्पीकर त्याच रात्री मंडळाच्या टेम्पोत चढला.