वेल्डिंग मशीनवर एमसीबी पडतो, पण कधी? स्विच टाकताच की चौथ्या रॉडला?

साकीनाका, कुर्ला, धारावी, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या गाळ्यात विचारा, "मशीन लावलं की एमसीबी पडतो" हे वाक्य ऐकायला मिळणारच, आणि त्यावर उपायही एकच ठरलेला, मोठा एमसीबी टाका. पण ह्या एका वाक्यात दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही, कधीकधी तर आग लागायची सोय होते.

एमसीबीच्या आत ट्रिप करणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक पट्टी असते जी करंटने गरम होऊन वाकते, ती ओव्हरलोड बघते आणि वेळ घेते. दुसरी कॉइल, एकदम मोठा करंट आला की ती झटक्यात खेचते, सेकंदाचा छोटासा भागच लागतो. त्यामुळे पहिला प्रश्न हाच की ट्रिप नक्की कुठल्या क्षणी होतो.

आधी उशिरा पडणारा, कारण सिंगल फेज इन्व्हर्टर मशीनवाल्यांना जास्त हाच छळतो. समजा 200 अँपियरचं मशीन आहे, गाळ्यात सी टाइप 20 चा एमसीबी आणि मीटरपासून 30 मीटर लांब 2.5 स्क्वेअर एमएमची कॉपर वायर. 10 नंबरची रॉड 115 अँपियरवर दिवसभर चालते, काही होत नाही. मग गेटच्या जाड प्लेटचं काम येतं, त्याहून जाड 8 नंबरची रॉड, 150 अँपियर, आणि तिसऱ्या-चौथ्या रॉडला एमसीबी खाली. सगळे म्हणतात मशीन खराब झालं. मशीन ठीक आहे हो, हिशोब करून बघा.

115 अँपियरला आर्कचं व्होल्टेज साधारण 24.6 धरतात, म्हणजे रॉडला सुमारे 2.8 किलोवॅट मिळतात. पण मशीनची एफिशियन्सी 80 टक्के आणि स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर 0.7 च्या आसपास धरला तर सप्लायमधून 5 केव्हीए खेचले जातात, 230 व्होल्टला 22 अँपियर. 20 चा एमसीबी 22 वर पडत नाही, कारण रेटिंगच्या 1.13 पटीपर्यंत त्याने तासभर तरी टिकायचं असा त्याचा नियमच आहे. म्हणून 10 नंबरला सगळं गोड वाटतं. 150 अँपियरला हाच हिशोब 7 केव्हीएवर जातो, 230 ला 30 अँपियर. आणि इथे ती बारीक लांब वायर आड येते. जाऊन-येऊन तिचा रोध 0.44 ओहम, म्हणजे 33 अँपियरला जवळपास 15 व्होल्ट वायरमध्येच जातात, मीटरपाशी 225 असतील तर मशीनला 210 मिळतात. नॉबवर सेट केलेला करंट इन्व्हर्टर सोडत नाही, व्होल्टेज कमी झालं की तो आत जास्त अँपियर ओढतो, म्हणून 30 चे 33 होतात. रेटिंगच्या दीडपटीपेक्षा जास्त! पट्टी गरम होते, रॉड बदलताना थोडी थंड होते, पुन्हा तापते आणि पडते. त्यात एमसीबीचं रेटिंग 30 डिग्रीला धरलेलं असतं, मे महिन्यात पत्र्याखाली बंद बॉक्समध्ये तो आणखी लवकर पडतो.

ओळखायचं कसं? बॉक्स उघडायची गरज नाही, एमसीबीचा पुढचा भाग हाताला गरम लागतो आणि लगेच वर केला तर परत पडतो किंवा टिकतच नाही, पाच-दहा मिनिटं थांबलं की नीट बसतो. वायरमनकडे क्लॅम्प मीटर असतो, एका वायरला लावून 8 नंबरची रॉड जाळताना आकडा बघायचा, संशय संपला. फक्त एक बघा, करंट रेटिंगच्या आत आहे तरी एमसीबी गरम आहे तर टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे, तिथली उष्णता पट्टीला लागते. मेन बंद करून वायर काळी पडलीय का बघायचं, नुसतं आवळून भागत नाही, जळालेला भाग कापून नवीन टोक बसवायचं.

आता इथे लोक 20 काढून 40 चा टाकतात आणि ट्रिप थांबतो. थांबणारच, पण एमसीबी मशीनला नाही तर वायरला वाचवायला असतो, आणि आता ती 2.5 ची वायर 33 अँपियरवर तापत राहणार आणि एमसीबी मजेत बघत बसणार. इलाज वायरपासून सुरू होतो: मीटरपासून 6 स्क्वेअर एमएम कॉपर, त्याला सी टाइप 32, आणि 16 अँपियरच्या घरगुती प्लगऐवजी 32 चा इंडस्ट्रियल सॉकेट. 6 च्या वायरमध्ये 30 मीटरला जेमतेम 6 व्होल्ट पडतात, करंट 32 च्या आत राहतो, शिवाय रॉड मध्ये मध्ये बदलायचीच असते. गाळ्याचा सँक्शन्ड लोड 3 किलोवॅट असेल तर मात्र आधी बिलावर बघून तो वाढवून घ्या, बेस्ट असो नाहीतर अदानी, टाटा, महावितरण.

आता दुसरा, स्विच टाकताच पडणारा. हा जास्त करून जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचा. रॉड लावलेलीही नसते, लोड शून्य, तरी धाडकन. कारण चालू होताना त्याचा कोअर काही क्षण सॅच्युरेट होतो आणि पहिल्या एक-दोन सायकलमध्ये नेहमीच्या करंटच्या दहापट किंवा जास्त झटका बसतो. एसीची लाट नेमकी कुठे असताना स्विच पडला त्यावर झटका ठरतो, म्हणून तीन वेळा पडतो आणि चौथ्यांदा आरामात चालू होतो, मग दिवसभर काही नाही. एमसीबी थंडगार असतो. सी टाइप 5 ते 10 पटीला खेचतो, डी टाइप 10 ते 20 पटीला, म्हणून इथे त्याच अँपियरचा डी टाइप घ्यायचा, अँपियर वाढवायचे नाहीत. इन्व्हर्टरचाही कधी असा झटका असतो, आतले कॅपॅसिटर भरताना, त्यामुळे बंद करून लगेच चालू करू नका, थोडं थांबा.

पण डी टाइपला एक अट आहे आणि ती कोणी सांगत नाही. 20 चा डी नक्की झटक्यात पडायला 400 अँपियर लागू शकतात. त्याच 30 मीटर 2.5 वायरच्या टोकाला शॉर्ट झाला तर नुसत्या वायरच्या रोधाने करंट 520 वर अडतो, मागचा सप्लाय आणि अर्थिंग धरलं की 400 च्या खालीही जाऊ शकतो. म्हणजे शॉर्ट झाला तरी तो झटक्यात पडेलच याची खात्री नाही, वायर तापत राहील. सी 20 ला 200 पुरतात. म्हणून डी टाकायचा तर वायर जाड हवीच.

आणि दर वेळी, एकदाही न चुकता, लगेच पडत असेल तर तो झटका नाही, शॉर्ट आहे. मशीनचा प्लग काढा आणि एमसीबी वर करा. तरी पडला तर वायर किंवा सॉकेटमध्ये दोष, टिकला तर मशीनच्या आत ब्रिज किंवा आयजीबीटी गेलाय, परत परत चालू करून बघू नका. पावसाळ्यात एमसीबी वर आणि आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, खाली असेल तर तो गळतीचा प्रकार, त्याला अँपियरशी काही देणंघेणं नाही, केबल आणि मशीनची ओल तपासायची.