पाळी चुकायच्या आधीचं वेळापत्रक

‘दिवस राहिले की डॉक्टरांना दाखवू’ हा बेत मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीसाठी उशिराचा ठरतो. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी गर्भाचं हृदय धडधडू लागतं. ज्या नलिकेतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती २८व्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येतं, तेव्हा यातला निम्मा काळ सरलेला असतो.

आईची साखर गर्भापर्यंत सहज पोहोचते. इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही, आणि गर्भाचा स्वतःचा स्वादुपिंड अजून तयार नसतो. उंदरांवरच्या प्रयोगांत पुढचा टप्पाही दिसला आहे : जादा साखरेने पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, नलिका मिटवायला लागणारं ‘पॅक्स-३’ हे जनुक मंदावतं, तिथल्या पेशी मरतात आणि नलिका उघडी राहते. एकदा राहिलेली ही फट नंतर साखर आटोक्यात आणून बुजत नाही.

समजा, एका स्त्रीचा सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ८.६ टक्के आहे, रक्तदाब १४६/९२, आणि ती साखरेसाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्व्हास्टॅटिन घेते. तिला आधी सांगितलं जाईल, की गर्भनिरोधक इतक्यात थांबवू नका. लक्ष्य ६.५ टक्क्यांखालचं, पण साखर वरचेवर फार उतरत असेल तर थोडं सैल. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, म्हणून तो बदलायलाही तेवढाच वेळ लागतो. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो, त्यामुळे हिमोग्लोबिनही पाहतात. मेटफॉर्मिन चालू ठेवता येतं, गरज पडली तर इन्सुलिनची जोड देतात.

टेल्मिसार्टन बदलावं लागतं. गर्भाच्या मूत्रपिंडांचं काम त्याने मंदावतं; गर्भजल पुढे बरंचसं बाळाच्या लघवीनेच भरत असल्याने ते आटतं. त्याऐवजी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन देऊन रक्तदाब स्थिरावेपर्यंत थांबतात. अॅटोर्व्हास्टॅटिनही सहसा थांबवतात. पण ‘औषध म्हणजे बाळाला विष’ असं ऐकून सगळ्याच गोळ्या टाकून काढे सुरू करणं हा शुद्ध धोका आहे. त्यात साखर आणि रक्तदाब दोन्ही मोकाट सुटतात.

डोळ्यांचा पडदा साखर झपाट्याने उतरवण्याआधीच तपासतात, कारण पडद्याला आधीच इजा असेल तर अशा उताराने ती काही काळ बळावू शकते. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन मूत्रपिंडांची स्थिती सांगतात.

फॉलिक अॅसिडची नेहमीची मात्रा ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेहात अनेक डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात, गर्भधारणेच्या आधीपासून १२व्या आठवड्यापर्यंत. साखर आणि रक्तदाब हे दोन्ही आकडे जागेवर आले की गर्भनिरोधक थांबवायचं. त्यानंतर पाळी लांबली, तर वाट न पाहता लगेच चाचणी करायची.