करारसमाप्ती, उभयसंमतीने

ज्या पक्षांनी करार केला त्यांनीच आपसांत ठरवून तो संपवणे. भारतात याचा आधार भारतीय संविदा अधिनियम, 1872 ची कलमे 62 व 63 हा आहे. कलम 62 नुसार पक्षांनी जुन्या कराराच्या जागी नवा करार करण्याचे (नवकरण), करार रद्द करण्याचे किंवा त्यात फेरफार करण्याचे ठरवले, तर मूळ करार पाळावा लागत नाही. कलम 63 एकट्या वचनग्रहीत्यासंबंधी, म्हणजे ज्याला वचन दिले आहे त्याच्यासंबंधी आहे. त्याला जे येणे आहे ते तो पूर्णतः किंवा अंशतः सोडू शकतो, मुदत वाढवू शकतो किंवा त्याऐवजी त्याला योग्य वाटेल ते स्वीकारू शकतो.

रद्द करण्याचे साधे उदाहरण लग्नाच्या हॉलचे. दादरचा हॉल ठरला, पण तारीख बदलली आणि मालक व वधूपिता दोघांनी ‘व्यवहार सोडला’ असे ठरवले. येथे एकाने आपला हक्क सोडणे हेच दुसऱ्याच्या सुटकेचे प्रतिफल, म्हणजे मोबदला, असते; वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र एका पक्षाचे काम पुरे झाले असेल, उदाहरणार्थ मंडप उभारून कार्यही पार पडले असेल, तर मंडपवाल्याने बिल सोडणे हे आपसांतले रद्द करणे राहत नाही. ती माफी ठरते आणि कलम 63 खाली येते.

नवकरणात पक्षही बदलू शकतो. लालबागच्या किराणा दुकानदाराची 8,000 रुपयांची उधारी थोरल्या भावावर आहे आणि ती धाकट्याने आपल्या अंगावर घेतली, असे समजू. थोरला सुटायचा तर दुकानदारासह तिघांचीही संमती हवी. दोघा भावांनी घरात काही ठरवले, तरी दुकानदाराच्या वहीतले नाव बदलत नाही.

कलम 63 च्या उगमाबद्दल एकमत नाही. इंग्लंडमध्ये 1602 च्या पिनेल खटल्यापासून कर्जाची थोडी रक्कम घेऊन सगळे कर्ज फिटत नाही, असा नियम होता, आणि 1884 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने फोक्स विरुद्ध बीअर खटल्यात तो कायम केला. भारतीय अधिनियमाचे स्वतःचे उदाहरण याच्या थेट उलट आहे: 5,000 रुपयांच्या देण्यापोटी ठरल्या वेळी व जागी 2,000 घेतले आणि तेवढ्याने देणे फिटले असे मानले, तर सगळे कर्ज फिटते. ही फारकत जाणीवपूर्वक केली, असे बहुतेक भाष्यकार मानतात. तिसऱ्या विधी आयोगाने 1866 च्या सुमारास तयार केलेल्या मसुद्यात पुढे फेरबदल झाले आणि काही कलमांवर न्यूयॉर्कच्या नागरी संहितेच्या मसुद्याची छाप पडली, असेही एक मत आहे. कलम 63 पुरते ते मत कमी पटणारे वाटते. न्यूयॉर्कच्या मसुद्यात तडजोडीची स्वतंत्र व्याख्या आहे. येथे ती नाही, केवळ वचनग्रहीत्याची मर्जी आहे.

ही मर्जी एकतर्फी चालते का, यावरही वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने 1903 च्या त्र्यंबक नगरपालिकेच्या खटल्यात प्रतिफल नको, पण सूट देऊ करणे व ती स्वीकारणे हवे, असा कल दाखवला. ब्रिटिश काळात भारतातल्या अपिलांचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1928 मध्ये चुन्नामल-रामनाथ खटल्यात कराराचीही गरज नाही, असे म्हटले. कलमाचे शब्द पाहता हेच मत सरळ वाटते. मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या कपूरचंद गोधा खटल्यात (1963 मध्ये प्रसिद्ध) जवाहिऱ्यांचे येणे सुमारे 27 लाखांचे होते. त्यांनी पूर्ण फेड म्हणून 20 लाख स्वीकारले आणि नंतर उरलेल्या रकमेचा दावा केला. न्यायालयाने तो मान्य केला नाही.

खरी अडचण तडजोड झाली, पण तिची पूर्तता झाली नाही, तेव्हा येते. तडजोड हे केवळ वचन असते. जुना हक्क साधारणतः पूर्ततेने मिटतो. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या मनोहर कोयाल खटल्यात (1888) 1,173 रुपयांच्या रोख्याची मुदत टळल्यावर ऋणकोने 400 रुपये रोख आणि 700 चा नवा रोखा देण्याचे कबूल केले, पण दिले काहीच नाही. धनको मूळ रोख्यावर दावा लावू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. मात्र करारभंगानंतर कलम 62 लागूच होत नाही, हे त्या निकालातले विधान पुढे मद्रास उच्च न्यायालयाने मानले नाही. मद्रासचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण कलमात तशी कालमर्यादा नाही.

मुंबईतल्या फ्लॅटच्या व्यवहारांना सर्वांत जवळचा निकाल लता कन्स्ट्रक्शन खटल्याचा (2000 मध्ये प्रसिद्ध). बिल्डरने 1987 च्या करारानुसार फ्लॅट दिला नाही. 1991 मध्ये फ्लॅटऐवजी 9,51,000 रुपये देण्याचा करार झाला, पण तेही पैसे मिळाले नाहीत. नव्या कराराने जुना संपला, असा बिल्डरचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पैसे हातात पडेपर्यंत ग्राहकाचे जुने हक्क नव्या करारातही राखून ठेवलेले होते, म्हणून पूर्ण अदलाबदल झालीच नव्हती आणि नवकरणही झाले नव्हते.

हा फरक हिशेबात कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. परळच्या एका कुटुंबाने स्वयंपाकघराचे फर्निचर 1,20,000 रुपयांत ठरवून सुताराला 40,000 आगाऊ दिले. काम झाले नाही. सुताराने ‘50,000 परत करतो, काम सोडून द्या’ असे लिहून दिले, 20,000 दिले आणि थांबला. दुसरा सुतार तेच काम 1,50,000 मध्ये करणार आहे. चिठ्ठीत ‘मूळ करार आजच संपला’ असे असेल, तर सुताराच्या नव्या वचनानेच जुना हक्क संपला आणि कुटुंबाला उरलेले 30,000 एवढेच मागता येतात. ‘सगळी रक्कम मिळाल्यावर मूळ करार संपेल’ असे असेल, तर जुना करार जिवंत राहतो. पहिल्या सुताराला आणखी 80,000 द्यायचे होते, आता दुसऱ्याला 1,50,000 द्यावे लागतील. नुकसान 70,000 चे. मिळालेले 20,000 वजा जाता 50,000 मागता येतात. चिठ्ठीत दोन्ही नसेल, तर पक्षांचा हेतू काय होता हे परिस्थितीवरून ठरवावे लागते, आणि बहुतेक वाद याच ठिकाणी अडकतात.

‘सर्व हिशेब पूर्ण, काही येणे नाही’ अशी पावती हा भक्कम पुरावा असतो, पण अंतिम नव्हे. बोघारा पॉलिफॅब खटल्यात (2009 मध्ये प्रसिद्ध) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दबावाखाली किंवा फसवणुकीने घेतलेल्या पावतीने हक्क मिटत नाही. मात्र नुसते ‘दबाव होता’ म्हणणे पुरत नाही. त्याला आधार दाखवावा लागतो.

तोंडी समाप्ती कायद्याला चालते, पण ती सिद्ध करता येईलच असे नाही. मूळ करार लेखी असणे कायद्याने आवश्यक असेल किंवा तो नोंदणीकृत असेल, तर तो नंतर तोंडी रद्द केला किंवा बदलला, हे दाखवण्यास पुरावा कायदा (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023, कलम 95) मनाई करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 खाली भाडेपट्टा व लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, म्हणून ‘मालक तोंडी हो म्हणाले होते’ या भरवशावर खोली सोडणारा अडचणीत येतो. चाव्या परत दिल्याची सहीची पावती, अनामत परत मिळाल्याची बँकेतली नोंद आणि शक्यतो नोंदणीकृत रद्दलेख, हे त्याच्या हाती असावे लागते.