मिठाचं पाणी, व्हिनेगर आणि भाजीवरचं औषध

भाजी मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवली की तिच्यावर फवारलेलं औषध निघून जातं, असं आपल्याकडे सांगितलं जातं. फळ आम्लात बुडवून त्यावरचं विष काढायचं, हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा झाला तो अमेरिकेतल्या सफरचंदांच्या पॅकहाऊसमध्ये. १८९२ नंतर तिथे अळीसाठी लेड आर्सेनेट, म्हणजे शिसं आणि आर्सेनिक यांचं संयुग, फवारलं जाऊ लागलं. त्याचा पांढरट थर फळावर डोळ्यांना दिसायचा. १९२५-२६ च्या सुमारास ब्रिटनने अशा सफरचंदांवर हरकत घेतली. बाजार हातचा जायची वेळ आली, तेव्हा बागायतदारांनी फळं सुमारे १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लात धुवून पुन्हा साध्या पाण्यातून काढायला सुरुवात केली.

हा उपाय लागू पडला, कारण लेड आर्सेनेट आम्लात विरघळतं. तरी फळावर मेण जास्त असेल किंवा तेलाची फवारणी झालेली असेल, तर आम्ल आतपर्यंत पोचत नसे आणि ते गरम करावं लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्यामागोमाग क्लोरपायरिफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस औषधं आली. ती आम्लात विरघळणारी नव्हती. सालीवरच्या मेणात मुरणं हाच त्यांचा स्वभाव.

मिठाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे फ्लॉवर मिठाच्या पाण्यात ठेवतात तो अळ्या बाहेर याव्यात म्हणून, आणि त्यासाठी तो उपाय चांगला आहे. मला वाटतं, अळीसाठीची ही सवयच पुढे कुणी न विचारता औषधाच्या खात्यावर जमा केली.

मग मीठ-व्हिनेगरचा उपयोगच नाही का? आहे, पण कोणत्या प्रमाणात ते बघायला हवं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोबीवरच्या एका चिनी अभ्यासाचा दाखला या बाबतीत दिला जातो. त्यात कोबी २० मिनिटं १० टक्के ॲसेटिक आम्लात ठेवल्यावर क्लोरपायरिफॉस सुमारे ८० टक्के कमी झालं, १० टक्के मिठाच्या पाण्यात सुमारे ६७ टक्के आणि नळाच्या पाण्यात जेमतेम १८ टक्के. आकडे छान आहेत. पण १० टक्के मीठ म्हणजे लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट खारट. आणि दुकानातलं व्हिनेगर मुळातच ४-५ टक्क्यांचं, म्हणजे बाटलीच्या बाटली न मिसळता ओतली तरी प्रयोगातल्या आम्लाच्या निम्मंच. पातेलंभर पाण्यात चमचाभर मीठ किंवा दोन चमचे व्हिनेगर घालून हे आकडे आपल्याला लागू होत नाहीत.

व्हिनेगरबद्दल आणखी एक गंमत द्राक्षवाल्यांना विचारा. फवारणीचं पाणी अल्कधर्मी असेल तर बरीच औषधं टाकीतच फुटतात, म्हणून ते पाण्याचा सामू तपासतात आणि जास्त असला तर सायट्रिक ॲसिड टाकून खाली आणतात. म्हणजे औषध टिकावं म्हणून शेतकरी पाणी आंबट करतो, आणि औषध जावं म्हणून घरी आपणही तेच करतो! २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात उजवा ठरला तो अल्कधर्मी खाण्याचा सोडा. १ टक्का द्रावणात सालीवरचं थायाबेन्डॅझोल हे बुरशीनाशक १२ मिनिटांत आणि फॉस्मेट हे कीटकनाशक १५ मिनिटांत निघालं. मात्र थायाबेन्डॅझोलचा सुमारे २० टक्के भाग तोवर सालीच्या आत शिरला होता. तो सोड्यालाही दाद देत नव्हता.

साध्या पाण्याला कमी लेखू नये. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने २००० मध्ये लेट्यूस, स्ट्रॉबेरी, टोमॅटो वगैरे धुवून पाहिले. १२ पैकी ९ औषधांचे अंश नळाच्या पाण्याने कमी झाले, आणि ते औषध पाण्यात किती विरघळतं याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. काम केलं ते वाहत्या पाण्याच्या माऱ्याने. भाजी नुसती बुडवून ठेवण्यात तो नसतो, म्हणून कोबीच्या प्रयोगातल्या त्या १८ टक्क्यांचं नवल वाटायला नको. कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाकली तरी बराच भाग जातो, कारण फवारा मुख्यतः तिथेच बसतो.

आंतरप्रवाही औषधांपुढे मात्र हे सगळंच थिटं पडतं. ती झाडाच्या रसात मिसळतात. २०१० मध्ये महाराष्ट्रातली द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. बागेत त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ रोखायला, घड धरण्याच्या कितीतरी आधी ते मारलेलं असतं. ते पाण्यात सहज विरघळतं, तरी मण्यांवरून धुऊन काढता आलं नसतं, कारण ते सालीवर नव्हतंच. तिथली मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनरच्या कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचे पैसेही.

निर्यातीच्या द्राक्षांसाठी ग्रेपनेट ही नोंदणी आणि तपासणीची व्यवस्था २००६ पासून होती. या प्रकरणानंतर सीसीसीही तपासणीच्या कक्षेत आलं. नमुना बागेतून काढणीआधी घेतला जातो आणि प्रयोगशाळेचा अहवाल मर्यादेत असेल तरच माल पॅकहाऊसकडे निघतो. स्थानिक बाजारात येणाऱ्या मेथी-वांग्याला अशी काढणीआधीची तपासणी सक्तीची नाही.